यखनी कुणाची, बोटी कुणाची

आपल्या समाजात आजाऱ्याची विचारपूस रिकाम्या हातानं होत नाही. इयादतीला जायचं म्हणजे पिशवीत काहीतरी हवंच. कुणी शहाळी आणतं, कुणी खजुराचा डबा, कुणी मोसंब्याचा रस. जवळचे असतील ते घरून पायाचा शोरबा किंवा कोंबडीची यखनी घेऊन येतात. या रिवाजामागं माया आहे, यात शंका नाही. पण मूत्रपिंड अचानक बंद पडलेल्या माणसाच्या उशाशी हीच माया कशी वागते, हे आम्हाला २०२२ च्या पावसाळ्यात जवळून पाहायला मिळालं.

आमचे मामू तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. वजन साठ किलो, मधुमेह नाही, रक्तदाबाची गोळी चालू. चार दिवस जुलाब-उलट्या झाल्या. अंग दुखतं म्हणून गावातल्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही त्याच काळात पोटात गेल्या. शरीरातलं पाणी कमी झालेलं, त्यात रक्तदाबाची गोळी आणि वेदनाशामक, असं तिन्ही एकत्र आलं की मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा दाब कोसळतो. मामूंचं तेच झालं. तालुक्याच्या गावी दाखल केलं तेव्हा दिवसभरात जेमतेम चारशे मिलिलिटर लघवी होत होती. क्रिएटिनिन ५.१, युरिया १४८, पोटॅशियम ५.९ आणि फॉस्फरस ६.४ होता. दोन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत क्रिएटिनिन १ होतं, म्हणजे हा जुना आजार नव्हता. डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या, सलाइननं पाण्याची भरपाई केली आणि सांगितलं, "डायलिसिसची वेळ अजून आलेली नाही. चार-सहा दिवस वाट पाहू."

या वाट पाहण्याच्या दिवसांत खायला काय द्यायचं, हा खरा प्रश्न होता. मुमानींच्या कानावर आधीच पडलं होतं की किडनीच्या आजारात मटण, अंडी, डाळ सगळं बंद. त्यांनी दोन दिवस पेज आणि साबुदाण्याची खीर यांवरच भागवलं होतं. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही मटण बंद केलंत, पण मामू मांस खायचे थांबले नाहीत. फक्त आता ते स्वतःचंच खातायत."

हे वाक्य आम्हाला आधी कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. माणूस आजारी पडला की शरीराची इंधनाची मागणी वाढते. बाहेरून पुरेसं अन्न आलं नाही तर शरीर आपलेच स्नायू मोडून काम चालवतं. स्नायू मोडला की त्यातल्या प्रथिनांचा युरिया होतो. शिवाय स्नायूंच्या पेशींत साठलेलं पोटॅशियम आणि फॉस्फेट रक्तात उतरतं. म्हणजे ज्या तीन गोष्टी वाढू नयेत म्हणून उपाशी ठेवायचं, त्याच तीन गोष्टी उपासानं आतून वाढतात. वरून माणूस दुबळा होतो, तो वेगळाच. डायलिसिस टळावं म्हणून प्रथिनं तोडू नयेत, असं मूत्रपिंडाच्या उपचारांविषयीच्या २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही म्हटलं आहे.

मग द्यायचं किती? डायलिसिस सुरू नसलेल्या आणि अतिदक्षता विभागात नसलेल्या अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८ ते १ ग्रॅम प्रथिनं. मामूंच्या साठ किलोला ते अठ्ठेचाळीस ते साठ ग्रॅम झालं. इथं वजन धरायचं ते सूज येण्याआधीचं. अंगात साचलेल्या पाण्याला प्रथिनं लागत नाहीत. प्रथिनांबरोबर उष्मांकही पुरेसे हवेत, किलोमागे पंचवीसच्या आसपास. नाहीतर खाल्लेली प्रथिनंसुद्धा जळणासारखी जाळली जातात आणि त्यांचाही युरियाच होतो.

बाईंनी कागदावर दिवसाचा हिशेब मांडला. दीडशे ग्रॅम तांदळाचा भात तीन वेळांत मिळून, त्यातून अकरा ग्रॅम प्रथिनं. दोन चपात्यांतून सहा. एक पूर्ण अंडं आणि एका अंड्याचा नुसता पांढरा भाग, यांतून दहा. ऐंशी ग्रॅम बिनहाडाची कोंबडी, कच्च्या मापानं, तिच्यातून सतरा. वीस ग्रॅम मूगडाळीतून पाच आणि अर्धी वाटी दह्यातून तीन. बेरीज बावन्न. उष्मांकांसाठी दिवसभरात आठ चमचे तेल-तूप आणि थोडा रव्याचा शिरा. एवढ्यावर सोळाशेच्या आसपास उष्मांक होतात. मामूंना मळमळ होती, म्हणून हे सगळं तीन जेवणांऐवजी सहा वेळा थोडं थोडं दिलं.

आता राहिला पोटॅशियमचा प्रश्न. बाईंनी एक गोष्ट स्पष्ट केली. चढलेलं पोटॅशियम पथ्यानं तासाभरात उतरत नाही. ते साडेसहाच्या घरात गेलं किंवा हृदयाच्या आलेखात फरक दिसला, तर ते काम इंजेक्शनांचं आणि त्यानंही भागलं नाही तर डायलिसिसचं. पथ्याचं काम एवढंच की बाहेरून नवी भर पडू नये. अशा रुग्णाला दिवसाला दोन हजार मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम चालतं. एका मोठ्या शहाळ्यात तीनशे मिलिलिटर पाणी निघालं तर त्यातच सातशेच्या आसपास पोटॅशियम जातं, म्हणजे दिवसाच्या वाट्यातला तिसरा हिस्सा दोन घोटांत संपला. साध्या एका खजुरात पन्नास-साठ असतं. एकानं बिघडत नाही, पण इयादतीला आलेला प्रत्येक माणूस आग्रहानं दोन-दोन खिलवू लागला तर बिघडतं. तिसरी गोष्ट कुणाच्याच ध्यानात येत नाही. रक्तदाबवाल्यांसाठी मिळणारं कमी सोडियमचं मीठ म्हणजे पुष्कळदा पोटॅशियम क्लोराइडची भेसळ केलेलं मीठ. मामूंच्या घरी तेच होतं. ते बाजूला ठेवून साधं मीठ, पण बेतानं, सुरू झालं.

भाज्यांत दुधी, पडवळ, दोडका यांवर भर दिला. बटाटा, अळू, पालक, टोमॅटो बाजूला. भाजी सोलून, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. पोटॅशियम पाण्यात विरघळतं, पण नुसतं भिजत ठेवून फारसं निघत नाही. उकळावंच लागतं. कुकरमध्ये शिजवून ते पाणी रश्श्यात ठेवलं तर सगळा खटाटोप वाया गेला.

इथंच यखनीचा मुद्दा आला. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या यखनी आजाऱ्याला आणि बोटी घरातल्या इतरांना. मांसाचा कस पाण्यात उतरला, तोच ताकदीचा, ही त्यामागची समजूत. मांस उकळलं की पाण्यात बरंच काही उतरतं हे खरंच आहे. पण उतरतं ते मुख्यतः मीठ, पोटॅशियम आणि फॉस्फेट. प्रथिनं बव्हंशी बोटीतच राहतात. म्हणजे आमच्या मामूंना जे हवं ते बोटीत होतं आणि जे नको ते यखनीत. मुमानींनी मग कोंबडीचे लहान तुकडे पाण्यात उकळून ते पाणी काढून टाकलं, आणि तेच तुकडे थोड्या तेलात आलं-लसूण, मिरी घालून परतले. पाया आणणाऱ्या शेजाऱ्यांना नाराज न करता तो शोरबा घरातल्या मुलांना वाढला.

फॉस्फेटचं गणित थोडं निराळं आहे. पोटॅशियमसारखा त्याचा धोका तासातासाला जाणवत नाही, पण ते चढलं की रक्तातलं कॅल्शियम घटतं. इथं पदार्थात फॉस्फेट किती, याइतकंच ते कुठून आलं हे महत्त्वाचं. डाळी आणि धान्यांतलं फॉस्फेट अशा रूपात असतं की आपलं आतडं त्यातला थोडाच भाग शोषून घेतं. मांस-दुधातलं त्याहून अधिक शोषलं जातं. आणि कारखान्यातल्या पदार्थांत टिकवण्यासाठी, चवीसाठी घातलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं रक्तात जातं. म्हणून वीस ग्रॅम डाळ ठेवली गेली आणि मामूंचा नातू हौसेनं घेऊन आलेली काळ्या शीतपेयाची बाटली, डब्यातलं चीज आणि तयार सॉसेज परत गेलं. फॉस्फेट बांधून ठेवणारी गोळीही चालू होती. ती जेवणाबरोबरच घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली तर बांधायला तिला काही सापडत नाही.

हे बरोबर चाललं आहे की नाही हे कळायचं कसं? बाई रोज युरिया आणि क्रिएटिनिन शेजारी ठेवून पाहायच्या. क्रिएटिनिन जागेवर आणि युरिया मात्र भराभर चढतो आहे, तर स्नायू मोडत असल्याचा संशय घ्यायचा. अर्थात शरीरात पाणी कमी असलं किंवा पोटात रक्तस्राव झाला तरी असंच दिसतं, म्हणून एकट्या या आकड्यावर निकाल देता येत नाही. वजनकाटाही फसवतो, कारण पायांवरची सूज गेलेल्या मांसाची जागा भरून काढते. मुमानींनी ते त्यांच्या पद्धतीनं टिपलं होतं. पाय सुजलेले आणि दंडावरचा सदरा मात्र ढिला.

चौथ्या दिवशी मामूंचा युरिया १५२ वर थांबला आणि पोटॅशियम ५.१ वर आलं. सहाव्या दिवशी लघवी अडीच लिटरवर गेली. डायलिसिस लागलं नाही. ते जेवणामुळं टळलं असं मात्र म्हणता येणार नाही. मूत्रपिंड आपल्या वेळेनं सावरलं. छातीत पाणी भरलं असतं, रक्तातलं आम्ल आवरलं नसतं किंवा पोटॅशियम हाताबाहेर गेलं असतं तर ते करावंच लागलं असतं. आणि मग प्रथिनं कमी नव्हे, किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत वाढवावी लागली असती, कारण डायलिसिसच्या पाण्याबरोबर शरीरातली प्रथिनांची घटकद्रव्यंही वाहून जातात.

आठव्या दिवशी मात्र उलटाच प्रकार झाला. लघवी तीन लिटरवर गेली आणि पोटॅशियम ३.३ वर घसरलं. फॉस्फरसही खाली आला. कोवळी झालेली मूत्रपिंडं पाण्याबरोबर क्षारही सोडत होती. बाईंनी त्याच दिवशी पथ्याच्या कागदावर आडवी रेघ मारली, फॉस्फेटची गोळी बंद करायला डॉक्टरांना सांगितलं आणि केळं सुरू केलं. मुमानी गोंधळल्या. काल जे विष होतं ते आज औषध कसं? बाई म्हणाल्या, "हा कागद त्या दिवसाच्या रक्ताचा होता, मामूंचा नव्हता."

आमच्या वस्तीत असे कागद फ्रिजवर वर्षानुवर्षं चिकटलेले आम्ही पाहिले आहेत. एकाला दिलेलं पथ्य दुसऱ्याच्या घरी पाठ केलं जातं. मामूंचा कागद मुमानींनी घडी करून कपाटात ठेवला आणि त्यावर तारीख घातली. दर महिन्याची तपासणी झाल्यावर काय खायचं ते त्या नव्यानं विचारतात.