होडीचे बेचाळीस रुपये

चारकोपला आमच्या आणि नानांच्या घरात एकच भिंत होती. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ साली मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला, त्यात म्हाडाने इथे भूखंड पाडले. रस्ता, पाणी, गटार त्यांनी द्यायचं आणि घर ज्याचं त्याने बांधायचं. तीस-पस्तीस घरांची एक सोसायटी आणि मधे सगळ्यांचा मिळून एक चौक. भूखंड असे लहान की दोघांनी शेजारी-शेजारी दोन भिंती घातल्या असत्या तर खोलीत कपाट मावलं नसतं. म्हणून भिंत सामाईक ठेवायची आणि तिच्या विटा-सिमेंटचे पैसे निम्मे-निम्मे करायचे, असं ठरलं. बाबांची आणि नानांची मैत्री या हिशेबातून सुरू झाली. दोघंही नोकरदार, दोघंही चाळीतून आलेले, आणि दोघांच्याही डोक्यावर कर्ज.

त्या काळी चारकोपात घरोघरी हिशेबाची एखादी डायरी असे. बँकेची किंवा आयुर्विम्याची, नव्या वर्षी फुकट मिळालेली. तिच्यात रेतीचा ट्रक, गवंड्याची मजुरी, शेजाऱ्याचं उसनं सिमेंट, सगळं तारीखवार. आमच्या आधीच्या पिढीला लिहून ठेवल्याशिवाय चैन पडत नसे, आणि लिहिण्यात अविश्वास आहे असंही कुणाला वाटत नसे. उलट, 'लिहिलंय ना?' असं विचारणं हे आपुलकीचंच बोलणं होतं.

बांधकामातच दोघांचा एक नियम पक्का झाला. जे घरात माणसं किती आहेत यावर कमी-जास्त होत नाही, ते घरटी वाटायचं. भिंत तशी. तिला चौघं टेकले काय आणि सहा टेकले काय, विटा तेवढ्याच लागणार. जे माणसागणिक वाढतं, ते डोईप्रमाणे वाटायचं. चौकातल्या पूजेचं जेवण तसं. मोठ्या माणसाची एक डोई, बारा वर्षांखालच्या मुलाची अर्धी, एस.टी.च्या तिकिटासारखी. भांडणं टळली ती या नियमामुळे, असं मला आजही वाटतं. अनेक मित्रांच्या सहलींचे हिशेब नंतर नासलेले मी पाहिले. तिथे बहुतेक वेळा कुणी लबाडी केलेली नसते. कोणता खर्च कसा वाटायचा हे निघण्याआधी ठरलेलं नसतं, एवढंच.

१९९६च्या नाताळच्या सुट्टीत दोन्ही घरं मिळून अष्टविनायकाला गेली. आमच्याकडून बाबा, आई, आजी, मी आणि बहीण. म्हणजे चार डोया. नानांकडून नाना, काकू आणि त्यांची दोन मुलं, तीन डोया. ट्रॅक्स ठरवली होती. यात्रा मोरगावपासून सुरू करून मोरगावलाच संपवायची असा शास्त्राचा क्रम आहे. पण मुंबईहून दोन दिवसांत उरकायचं तर गाडीच्या रस्त्यानेच जावं लागतं. आधी महड आणि पाली, मग खोपोलीहून बोरघाट चढून थेऊर, रात्री मोरगाव. दुसऱ्या दिवशी सिद्धटेक, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री आणि माळशेज घाट उतरून घर.

गाडीचे पैसे बाबांनी द्यायचे आणि वाटेतला बाकी सगळा सामाईक खर्च नानांनी करायचा, असं ठरलं होतं. ही वाटणीसुद्धा विचार करून केलेली होती. चार खिशांतून पैसे निघाले की कुणी काय दिलं ते घरी येईपर्यंत कुणालाच आठवत नाही. नानांनी त्यासाठी २,००० रुपये वेगळ्या पाकिटात घेतले होते. त्या पाकिटात घरचे पैसे घालायचे नाहीत आणि त्यातले पैसे यात्रेवाचून दुसऱ्या कशाला काढायचे नाहीत. पुढे चूक सापडली ती केवळ या पाकिटामुळे.

परत आल्यानंतरच्या रविवारी दोघं आमच्या पुढच्या खोलीत हिशेबाला बसले. आईने चहा ठेवला. आम्ही मुलं तिथेच सतरंजीवर होतो. नानांनी डायरीतली एकेक रक्कम वाचायची आणि बाबांनी पाठकोऱ्या कागदावर मांडायची.

गाडीभाडं आणि चालकाचा भत्ता मिळून ३,५०० रुपये, बाबांनी दिलेले. ते घरटी, म्हणजे प्रत्येकी १,७५०. जेवणं, चहा, नारळ-हार मिळून १,४०० रुपये, नानांनी दिलेले. ते डोईप्रमाणे, सात डोयांना १,४००, म्हणजे डोईला २००. आमच्याकडे ८०० आले, नानांकडे ६००. मोरगावच्या खोलीचे दीडशे रुपये ज्याचे त्याने भरले होते, ते यात धरायचं कारण नव्हतं. आमच्या घराचा वाटा २,५५० झाला आणि बाबांनी दिले होते ३,५००. बाबांचं येणं ९५० रुपये. नानांच्या घराचा वाटा २,३५०, दिलेले १,४००. त्यांचं देणं ९५०. येणं आणि देणं जुळलं.

इथे कुणीही उठला असता. नानाही उठत होते. पण बाबा म्हणाले, "नाना, पाकीट मोज."

देणं-येणं जुळलं याचा अर्थ कागदावरची बेरीज बरोबर आहे, एवढाच होतो. जो खर्च कागदावर आलेलाच नाही, तो दोन्ही बाजूंना सारखाच गैरहजर असतो, आणि बेरीज त्याच्यावाचून बिनदिक्कत जुळते. तो पकडायचा तर रोख मोजायला हवी. पाकिटात २,००० होते. त्यातून १,४०० सगळ्यांसाठी आणि १५० स्वतःच्या खोलीचे गेले, तर ४५० उरायला हवेत. नानांनी नोटा आणि चिल्लर सतरंजीवर मांडली. निघाले ४०८. तूट बेचाळीस रुपयांची.

"जाऊ दे रे," नाना म्हणाले, "पोरांनी कुठे गोळ्या-बिस्किटं घेतली असतील."

"घेतली असतील तर लिहू," बाबा म्हणाले. "पण बेचाळीस रुपयांच्या गोळ्या नाही खाल्ल्या त्यांनी."

शोध घ्यायची बाबांची रीत मला फार आवडते. आठवा, आठवा असं ते करत बसले नाहीत. त्यांनी पहिल्यापासून रस्ता धरला आणि प्रत्येक ठिकाणी तेच विचारलं: इथे उतरलो कुठे, खाल्लं काय, दिलं काय? महड, पाली, थेऊर, मोरगाव. सगळीकडे डायरीत दोन-चार ओळी, आणि त्या पटत होत्या. सिद्धटेकला एकच ओळ होती: नारळ, हार.

खाटेवर बसलेली आजी म्हणाली, "अरे, नदी काय चालत ओलांडली आपण?"

सिद्धटेकला आता भीमेवर पूल आहे. तेव्हा दौंडकडून गेलं की शिरापूरच्या काठावर गाडी सोडायची आणि होडीने पलीकडे जायचं. काठाशी चिखल होता म्हणून आम्ही चपला हातात घेतल्या होत्या. आजी होडीत चढायला भीत होती. नानांनी तिचा एक हात धरला होता आणि दुसऱ्या हाताने ते नावाड्याला पैसे देत होते. डायरी मागे गाडीत, काचेखालच्या कप्प्यात पडलेली. नारळ-हाराची ओळसुद्धा परत गाडीत बसल्यावर आठवून लिहिलेली होती. ज्या ठिकाणी डायरी पोचली नाही, नेमका तिथलाच खर्च गळाला होता.

"एकवीस रुपये," नानांना आठवलं. "डोईला तीन, पोरांना दीड. सात त्रिक एकवीस."

बाबांनी एकवीस लिहिले. तूट अजून एकवीसची होती. क्षणभर दोघंही कागदाकडे पाहत राहिले आणि मग एकदमच हसले. जाताना दिले तसे येतानाही दिले होते. नावाडी प्रत्येक खेपेचे वेगळे घेत होता. एकवीस आणि एकवीस, बेचाळीस. पाकिटाचा ताळा लागला.

पैसे सापडल्यावर नाना म्हणाले, "म्हणजे माझे बेचाळीस वाढले. नऊशे पन्नासातून बेचाळीस वजा कर, मी नऊशे आठ देतो." ही चूक हुशार माणसंही करतात. होडीचे बेचाळीस नानांच्या खिशातून गेले हे खरं, पण त्या होडीत नाना, काकू आणि त्यांची मुलंही बसली होती. त्यांचा वाटा त्यांनी सोसायलाच हवा. देण्यातून वजा होणार तो फक्त आमचा वाटा. नानांना हे पटायला वेळ लागला नाही. त्यांनी घाईत तोंडी वजाबाकी केली होती.

खरा वाद पुढे झाला. होडी हे वाहन आहे, म्हणून गाडीसारखी ती घरटी वाटावी, असं नानांचं म्हणणं. तसं केलं तर आमचा वाटा एकवीस. बाबा म्हणाले, नावाड्याने माणसं मोजून पैसे घेतले, तेव्हा ही डोईप्रमाणेच गेली पाहिजे. डोईला सहा रुपये, आमच्या चार डोया, चोवीस. तीन रुपयांचा फरक, आणि दोघंही स्वतःच्या तोट्याच्या बाजूने भांडत होते. चहा गार झाला. नाना म्हणत होते, आईंच्यासाठी मी काही उपकार केले नाहीत. बाबा म्हणत होते, उपकाराचा प्रश्नच नाही, प्रश्न भिंतीच्या नियमाचा आहे. गाडी आपण पाच जण गेलो असतो तरी तेवढ्यालाच पडली असती. होडी तशी नाही.

हे बोलणं निर्णायक ठरलं. नानांनी मान हलवली. बेचाळीसमधले चोवीस आमचे, अठरा त्यांचे. नऊशे पन्नासातून चोवीस वजा, नऊशे सव्वीस. बाबांनी उलटाही पडताळा घेतला: आमचा वाटा २,५५० अधिक २४, म्हणजे २,५७४, दिलेले ३,५००, येणं ९२६. नानांचा वाटा २,३५० अधिक १८, म्हणजे २,३६८, दिलेले १,४४२, देणं ९२६.

आता माझ्या मुलांच्या सहलींचा हिशेब फोनवरच होतो आणि तो वाटून द्यायला ॲपही असतं. पैसे फोनवरून दिले की त्याची नोंद आपोआप राहते. ही मोठी सोय आहे, आणि ती बाबांना नक्की आवडली असती. पण घाटातल्या कणसांचे, वाहनतळाच्या पावतीचे, डोलीवाल्याचे रोख पैसे आजही असेच गळतात, आणि ॲपमधली बेरीज त्यांच्यावाचून जुळते. पाकीट वेगळं ठेवून शेवटी मोजणारा माणूस लागतोच. मी मुलांना एवढंच सांगितलं आहे की रोख रक्कम एकाच्याच हातात द्या आणि रोज झोपण्याआधी मोजा. दुसऱ्या दिवशीपर्यंत आठवतं, आठवड्याने आठवत नाही.

नानांनी नऊशे तीस रुपये काढून बाबांच्या हातात ठेवले. बाबांनी घरभर शोधलं, पण चार रुपये सुटे निघेनात. काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, अजून किती वेळ? मग नानांनीच डायरी घेतली, नवं पान उलटलं आणि वर लिहिलं: 'गणपतीपुळे, मे महिना. मागील बाकी, येणे रुपये ४.'