चौदा मुलांचा चार्ट

2025 मध्ये अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया पहिल्यांदाच राज्यभर लागू झाली. आधी ती नागपूरसारख्या मोठ्या शहरांपुरती होती. आमच्या जवाहरनगरात, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत आणि आजूबाजूच्या गावांत, तोपर्यंत कॉलेजात जाऊन फॉर्म भरायचा आणि यादी लागली की फी भरायची एवढीच प्रवेशाची रीत होती. आता दहावी सुटलेलं पोर नेमकं कुठे आहे हे पोर्टलच्या पायऱ्यांवरून शोधावं लागतं. म्हणून दहावीच्या मुलांचा मागोवा ठेवणारे आम्ही शिक्षक फनेल चार्ट काढू लागलो.

पायऱ्या वाचायला सरळ आहेत: अर्जाचा भाग एक, त्याची पडताळणी, भाग दोनमध्ये पसंतीक्रम, मग जागा मिळणं आणि शेवटी प्रवेश. समजा, शंभर मुलं पास झाली. 92 जणांनी भाग एक भरला, 90 जणांची पडताळणी झाली, 74 जणांनी पसंतीक्रम दिला, 60 जणांना फेरीत जागा मिळाली आणि प्रवेश झाले 66. शेवटची पट्टी तिच्या वरच्या पट्टीपेक्षा रुंद! एक्सेल यावर काहीच बोलत नाही. त्याचा फनेल चार्ट दिलेले आकडे मधोमध मांडतो. क्रम खरा आहे की नाही हे तो तपासत नाही.

ही रुंदी येते कोट्यातून. इनहाऊस, व्यवस्थापन किंवा अल्पसंख्याक कोट्यातल्या मुलाला फेरीत जागा मिळावी लागत नाही. कोट्यातला प्रवेश पक्का झाला की तो फेऱ्यांतून बाहेर पडतो. दर मुलाची एक ओळ आणि दर पायरीची तारीख असा तक्ता असेल, E रकान्यात जागा मिळाल्याची तारीख आणि F मध्ये प्रवेशाची, तर अशी मुलं एका सूत्रात सापडतात:

```
=COUNTIFS(F2:F101,"<>",E2:E101,"")
```

इथे उत्तर येतं 14. त्यातल्या आठ जणांनी पसंतीक्रम भरलाच नव्हता. सहा जणांनी तो भरला, पण जागा जाहीर होण्याआधीच कोट्यातून प्रवेश घेतला.

आता मोह असा होतो की, जो पुढच्या पायरीवर पोचला तो मागच्या सगळ्या पायऱ्या चढला असं धरून रिकामे रकाने भरून टाकावेत. मग चार्ट होतो 100, 92, 90, 82, 74, 66. दिसायला सुरेख, वरून खाली नीट निमुळता. पण ‘जागा मिळाली 74’ हे धादांत खोटं आहे. चौदा मुलांना फेरीने जागा दिलेलीच नाही. हा चार्ट पाहून कुणी पुढच्या वर्षीच्या पालकांना सांगेल की पसंतीक्रम भरणाऱ्या 82 पैकी 74 जणांना जागा मिळते, म्हणजे 90 टक्के. प्रत्यक्षात फेरीत उरलेले 68 होते आणि जागा मिळाली 60 जणांना, म्हणजे 88 टक्के. इथे फरक थोडका आहे. कोट्यातली मुलं वाढली की तो वाढतो.

रकाना मागाहून भरणं प्रत्येक वेळी चूकच असतं असं मात्र नाही. प्रवेश झालाय पण पडताळणीची तारीख कोरी आहे, तर ती भरावी, कारण पडताळणीशिवाय पोर्टल पुढे जाऊच देत नाही. तिथे आपली नोंद राहिलेली असते. कोट्यातल्या मुलाने मात्र पायरी गाळलेली असते, आणि तसं गाळायला नियमाची मुभा आहे. तक्त्यात दोन्ही रकाने कोरेच दिसतात. कुठला कोरेपणा कशाचा, हे नियम वाचल्याशिवाय कळत नाही.

म्हणून मी मुख्य फनेलमध्ये सगळ्यांना बंधनकारक असलेल्या पायऱ्याच ठेवते: 100, 92, 90, 66. त्याखाली फेरीवाल्यांचा वेगळा: 68 पसंतीक्रम, 60 जागा, 52 प्रवेश. कोट्यातल्या चौदांची संख्या शेजारी साधी लिहिते. एवढ्यांसाठी फनेल लागत नाही.

फेरीच्या फनेलवर तारीख घालणंही तितकंच गरजेचं. जागा मिळूनही न घेतलेली आठ मुलं गळाली असं लगेच म्हणता येत नाही. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांचं दार बंद होतं. पण चौथी-पाचवी पसंती मिळालेलं मूल भंडाऱ्यातल्या किंवा नागपुरातल्या कॉलेजची वाट बघत थांबू शकतं. ते पुढच्या फेरीत पुन्हा येतं. फेरीनिहाय बेरीज केली तर एकच मूल दोनदा मोजलं जातं, म्हणून मोजायची ती मुलं, फेरीतल्या नोंदी नव्हेत.

उरलेल्या 34 जणांची यादी मी चार्टबाहेर ठेवते: आठ जण वाट बघणारे किंवा जागा सोडलेले, आठ जागा न मिळालेले, आठ पडताळणीनंतर थांबलेले, दोन पडताळणीत अडकलेले, आठ अर्जच न भरलेले. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला गेलेलं मूलही याच 34 मध्ये येतं, कारण अकरावीच्या पोर्टलवर त्याचा पत्ता लागत नाही. ते फोन केल्यावरच कळतं. पडताळणीत अडकलेल्या दोघांना मी आधी फोन लावते, कारण त्यांची मुदत सगळ्यांत आधी संपते.