ना हरकत पत्र

बी.एड. होऊन अठरा वर्षे झाली तेव्हा मी एम.ए. उर्दू करायचे ठरवले. हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ पासून आहे आणि दूरशिक्षणाने दोन वर्षांत एम.ए. करता येते. शाळा सोडायची गरज नव्हती. पण मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, म्हणजे आधी परवानगी हवी.

पहिला अर्ज मी चार ओळींचा लिहिला, "उच्च शिक्षणासाठी परवानगी मिळावी." मुख्याध्यापकांची सही झाली, केंद्रप्रमुखांकडून तालुक्याच्या कार्यालयात गेला आणि तीन आठवड्यांनी शेरा मारून परत आला. मला राग आला. घरी अम्मींनी विचारले, "अगं, तू त्यांना सांगितलंस काय नेमकं?" खरेच, काहीच सांगितले नव्हते. कोणता अभ्यासक्रम, कुठले विद्यापीठ, किती वर्षे, वर्ग कधी? कागद पाहणाऱ्याला एकच काळजी असते, वर्गावर कोण राहणार.

दुसऱ्या अर्जात अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव, दूरशिक्षण पद्धत आणि कालावधी लिहिला, माहितीपुस्तिकेची प्रत जोडली. पुढे हमी दिली की संपर्कवर्ग सुट्टीत करीन, शाळेच्या वेळेत अभ्यास करणार नाही, परीक्षेला लागणारी रजा माझ्या खात्यावरच्या रजेतून घेईन आणि फी मी भरीन. ही शेवटची दोन वाक्ये फार कामी आली. ना हरकत पत्र म्हणजे शिकायची मोकळीक, पगारी अभ्यासरजा नव्हे. या दोन गोष्टी एकत्र मागितल्या की अर्ज अडतो, कारण रजेचा निर्णय वेगळा आणि वरच्या टेबलावरचा असतो.

अर्ज दोन प्रतींत नेला आणि एका प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतला. पहिल्या वेळी हे केले नव्हते, म्हणून कागद कुठे आहे हे कुणी सांगू शकले नाही. प्रवेशाची मुदत जवळ येऊ लागली तेव्हा तोच क्रमांक घेऊन मी दोनदा विचारायला गेले. पत्र मुदतीच्या चार दिवस आधी हातात आले. ते आधी येणे महत्त्वाचे होते. आमच्या ओळखीच्या एका सरांनी "नंतर घेऊ" म्हणून न विचारता पदवी पूर्ण केली. मग सेवापुस्तकात नोंद करायला गेले तर पहिला प्रश्न परवानगी पत्राचा. मागच्या तारखेचे पत्र त्यांना मिळाले नाही. पदवी घरात फ्रेममध्ये आहे, सेवापुस्तकात नाही.

माझ्या पत्रातही अट होती, शाळेच्या कामात अडथळा आला तर परवानगी रद्द. पहिल्या वर्षी परीक्षा नेमकी आमच्या चाचणीच्या आठवड्यात आली. मी पंधरा दिवस आधी वेळापत्रक जोडून तीन दिवसांची किरकोळ रजा मागितली आणि सोबतच्या बाईंकडून माझे तास घेण्याची लेखी संमती आणली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, हे बरं केलंत." मागच्या महिन्यात निकाल लागला. अल्हम्दुलिल्लाह, आता गुणपत्रिका आणि त्या पत्राची प्रत एकाच पाकिटात घालून पुन्हा त्याच कार्यालयात जायचे आहे.