बेलबॉटमची कळी

बेलबॉटम म्हटलं की सगळ्यांना आठवतो तो खालचा झाडू. रस्ता झाडत जाणारी पँट, वगैरे वगैरे. पण खरी गंमत वर आहे. कमरेला आणि मांडीला पँट घट्ट हवी, गुडघ्यापर्यंत सरळ उतरायला हवी आणि तिथून एकदम घेर सुटायला हवा. वरपासूनच सैल असेल तर तो लेंगा :)

साठच्या दशकात अमेरिकेतल्या पोरांना ही पँट आधी मिळाली ती नौदलाचा जुना माल विकणाऱ्या दुकानांत. खलाशांची पँट, स्वस्तात. ज्यांना मिळाली नाही त्यांनी घरातली सरळ जीन्स बाहेरच्या बाजूने उसवली आणि त्यात रंगीत कापडाची त्रिकोणी कळी घातली. आपल्याकडे झग्याला घालतात तीच कळी. पुढे कंपन्या तयार बेलबॉटम विकायला लागल्या तरी हिप्पी मंडळींची खूण ही कळीवालीच राहिली.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझी मामेबहीण. मामा मर्चंट नेव्हीत होता. त्याने त्या काळात बाहेरून आणलेली एक जीन्स तिने जपून ठेवली आहे. मामा जाऊन सहा वर्षं झाली. "दादा, ती नुसती कपाटात पडून राहण्यापेक्षा मी घालते ना. पण बेलबॉटम करून दे," म्हणाली. आईचं मशीन आमच्याकडे, म्हणून काम माझ्याकडे. पँट एकच आणि कात्रीला कंट्रोल-झेड नसतो. म्हणून आधी कागद घेऊन बसलो.

बॉटमचा घेर १६ इंच होता, तिला २४ हवा होता. म्हणजे कळीचा पाया ८ इंच. गुडघ्यापासून खालपर्यंत १४ इंच, म्हणून बाजूची शिलाई तेवढीच उसवायची. बाहेरचीच का? तर जुन्या जीन्सची आतली शिलाई कापडात कापड दुमडून दुहेरी टीप मारलेली असते. ती उसवणं म्हणजे शिक्षा. बाहेरची साधी, एका टिपेची.

आता इथे बऱ्याच जणांची कळी फसते. त्रिकोणाच्या दोन्ही बाजू जीन्सला जोडायच्या, म्हणून त्या १४ इंच. पण खालची कड सरळ कापली तर मधली उंची १४ राहत नाही. अर्धा पाया ४, कर्ण १४, म्हणून उंची १८० चं वर्गमूळ, साधारण १३.४. म्हणजे कळी मधोमध अर्ध्या इंचाहून जास्त आखूड आणि पँट शिवल्यावर तिथे वर उचललेली दिसते. उपाय सोपा आहे. टोकाला दोरी धरायची आणि १४ इंचांवर कंपासासारखा कंस काढायचा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिलाईला आणि खाली पाव-पाव इंच दोनदा दुमडायला जास्त धरायचं. गोल कड रुंद दुमडली तर चुण्या पडतात.

कापडाचा उभा धागा कळीच्या मधोमध ठेवला. त्यामुळे दोन्ही कडा थोड्या तिरप्या येतात आणि तिरपं कापड ओढलं की लांबतं. म्हणून आधी भरपूर टाचण्या आणि जोडून झाल्यावर पँट एक दिवस टांगून ठेवायची. लोंबायचं तेवढं लोंबू दे, मग खालची दुमड. वरच्या टोकाशी शिलाईला जागाच उरत नाही. तिथे दोन-तीनदा मागे-पुढे टीप मारली नाही तर पहिल्यांदा मांडी घातली की टर्र!

कळीसाठी तिने राजस्थानातल्या बगरूचं दाबू छपाईचं कापड निवडलं. दाबू म्हणजे चिखल. चिखल, डिंक आणि चुना कालवून ठशाने कापडावर लावतात. जिथे चिखल तिथे रंग चढत नाही. काळा रंग गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून आणि खालचा पिवळट रंग हिरड्याचा.  पण हे सुती कापड धुतल्यावर आटतं आणि जुनी जीन्स आटून संपलेली असते. म्हणून कापण्याआधी कळीचं कापड दोनदा धुवायचं, नाहीतर सगळा कंस वाया.

तेवढ्यात तिचं दुसरं फर्मान आलं. "दादा, खाली झालर पण काप ना, 'ईझी रायडर'मध्ये आहे तशी." १९६९ च्या त्या सिनेमात डेनिस हॉपरच्या जॅकेटला झालर आहे ती स्वेडची. स्वेड हे चामडं, त्याला उभे-आडवे धागेच नसतात. नुसत्या कात्रीने पाव इंचाच्या पट्ट्या कापल्या, वर इंचभर जागा सलग सोडली, की झाली झालर, दुमडायला नको की शिवायला नको. सुती कापडाची तशी झालर दोन धुण्यांत दोऱ्यांचा गुंता होते. तिला पटलं. आता कफ्तान मागते आहे. ते बरं, त्यात जवळजवळ सगळे आयतच. मान कापली की झालं.