अवतरणचिन्हाच्या आतली आणि बाहेरची भाषा

लातूरच्या शाखेत असताना कर्ज थकलेले शेतकरी माझ्या टेबलासमोर येत. एकाने विचारले होते, ‘सायेब, औंदा पाऊसच न्हाई, काय भरू?’ मी टिपणात लिहिले, ‘अपुऱ्या पर्जन्यमानामुळे परतफेड शक्य झालेली नाही.’ त्याने मला प्रश्न विचारला होता. माझ्या वाक्यात तो प्रश्न उरलाच नाही. हे फार उशिरा, निवृत्तीनंतर कादंबऱ्या वाचताना ध्यानात आले.

आपल्या ग्रामीण कादंबरीत दोन मराठी शेजारी नांदतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ च्या ‘बनगरवाडी’त गोष्ट सांगणारा तरुण शाळामास्तर आहे. त्याचे निवेदन साधे, पण प्रमाण मराठीत. धनगर बोलतात ते माणदेशी बोलीत. सीमारेषा असते अवतरणचिन्हांची. चिन्हांच्या आत ज्याला शाळा मिळाली नाही तो, बाहेर ज्याला मिळाली तो. मास्तर वाडीवर कितीही माया करो, कोणाचे म्हणणे केव्हा थांबवायचे आणि त्याचा अर्थ काय लावायचा, हे त्याच्याच हाती राहते. माडगूळकरांचा हा दोष नव्हे. नोकरीसाठी वाडीवर आलेल्या मास्तराच्या तोंडी तीच भाषा शोभते.

लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे यांनी १९७१ च्या ‘पाचोळा’त ही रेषाच पुसली. येथे सगळी कहाणी शिंप्याची बायको पार्वती सांगते, आणि बोलीतच सांगते. गावातल्या वजनदार माणसांशी वाकडे येते व तिचे घर विस्कटते. बोराडे स्वतः मराठीचे प्राध्यापक, पुढे प्राचार्य. पण पार्वतीच्या वाक्यावर त्यांनी प्राध्यापकी भाष्य चढवले नाही. ‘शोषण’, ‘प्रतिष्ठा’ हे आपल्या व्याख्यानांतले शब्द तिच्याजवळ नाहीत. म्हणून अन्याय तिला कल्पना म्हणून सांगता येत नाही; कोण काय बोलले, घरात त्यानंतर काय झाले, असाच सांगावा लागतो. वाचकाला निष्कर्ष आयता मिळत नाही, आणि मला तर तेच बोचले.

याची किंमतही आहे. बोलीचा हेल देवनागरीत उतरत नाही. आपण लातूर-नांदेडकडे ‘काय करलालास?’ विचारतो, त्यातली लांबण छापता येत नाही. पुण्याचा वाचक अडखळतो. शिवाय पार्वतीला न दिसलेले सारे कादंबरीबाहेर राहते.

आमच्या अडत दुकानात वडील हमालांशी ‘करलालास’ बोलत आणि बँकेचा माणूस आला की ‘करीत आहात’वर येत. मी त्याला व्यवहारचातुर्य समजत असे. ‘पाचोळा’ वाचल्यावर आठवले, की हमाल मात्र दोघांशीही एकच भाषा बोलत. दुसरी त्यांना कोणी शिकवलीच नव्हती.