पत्ता रोज नवा, नाव तेच!

उघडलं! गच्चीत उभा राहून, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर मी नाव टाइप केलं आणि घरातल्या रास्पबेरी पायवरचे आमचे सगळे फोटो समोर! रात्री साडेअकराला मी ओरडलोच.

आत्तापर्यंत मी आयपी पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवायचो. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, की पत्ता बदललेला, कागद फुकट. डायनॅमिक डीएनएसची युक्ती इतकी सोपी असेल असं वाटलंच नव्हतं! डकडीएनएसवर फुकटात एक नाव घेतलं आणि पायच्या क्रॉनमध्ये ही एक ओळ घातली:

```
*/5 * * * * curl -s "https://www.duckdns.org/update?domains=NAAV&token=TOKEN&ip="
```

शेवटचं `ip=` रिकामं आहे, गंमत तिथेच आहे! पत्ता आपण सांगायचाच नाही. दर पाच मिनिटांनी पाय नुसती हाक मारतो, आणि हाक कुठून आली ते पाहून पलीकडे नावापुढे तो पत्ता लिहिला जातो. नोंदीचं आयुष्य 60 सेकंदांचं, म्हणजे पत्ता बदलल्यावर साधारण सहा मिनिटांत नाव पुन्हा ताळ्यावर. राउटरमध्ये 443 क्रमांकाचा पोर्ट पायकडे वळवला, झालं. (घरच्या वायफायवरून मात्र तेच नाव उघडेना! काही राउटरना स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावरून आत वळता येत नाही. म्हणून तर गच्ची आणि मोबाइल डेटा.)

महिन्याभराने इंटरनेट कंपनी बदलली आणि सगळं ठप्प. गोंधळात टाकणारी गोष्ट ही, की क्रॉनला उत्तर `OK` येत होतं, नावापुढचा पत्ताही ताजा होता. शेवटी राउटरच्या पानावरचा डब्ल्यूएएन पत्ता पाहिला: `100.72` ने सुरू होणारा. नावापुढचा पत्ता वेगळाच! `100.64` ते `100.127` हा पट्टा कंपन्यांच्या आतल्या वापराचा. एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला, याला सीजीनॅट म्हणतात. पायची हाक त्या सामायिक पत्त्यावरून जाते, म्हणून नोंद बिनचूक. पण बाहेरून आलेला पाहुणा कंपनीच्या फाटकावरच थांबतो, कारण कुठल्या घरी पाठवायचं हे तिथे कुणी लिहिलेलंच नाही. माझा पोर्ट आतल्या दारावर, फाटक त्यांचं.

पण नव्या जोडणीत आयपीव्ही6 होतं! तिथे प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता. डकडीएनएस तो आपणहून ओळखत नाही, `ipv6=` पुढे पायचाच पत्ता द्यावा लागतो, राउटरचा नव्हे. तोही बदलतो, म्हणून दर वेळी स्क्रिप्टनेच वाचायचा. राउटरच्या फायरवॉलमध्ये पायपुरती वाट उघडली, पुन्हा गच्चीत गेलो, आणि उघडलं! ऑफिसच्या वायफायवर आयपीव्ही6 नाही, तिथून अजून बंदच आहे. जेवणाच्या सुट्टीत मोबाइल डेटा चालू करतो.