२५ वर्षं टिकेल असं पत्र

आमचं ठरलंय: एकमेकांना एक पत्र लिहायचं, सीलबंद करायचं आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी उघडायचं. बायकोचं माहेर रत्नागिरीचं. तिची इच्छा अशी की पत्र आरे-वारेच्या किनाऱ्यावर पुरावं. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरून डोंगर उतरताना जोडीने दिसणारे ते दोन किनारे आणि सुरूची झाडं. कल्पना छानच आहे! पण आमच्यातला इंजिनियर लगेच जागा झाला. २५ वर्षं म्हणजे २५ कोकणातले पावसाळे, आणि रत्नागिरीत एकेका वर्षी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस.

पुरलेल्या वस्तूंचं काय होतं याचं एक झकास उदाहरण आहे. अमेरिकेत टल्सा शहराने १९५७ साली एक कोरी प्लिमथ गाडी काँक्रीटच्या तळघरात पुरली. तळघर अणुहल्ल्यातही टिकेल म्हणे. २००७ साली उघडलं तर आत पाणी शिरलेलं आणि गाडीचा गंजून सांगाडा झालेला. गंमत पुढे आहे. त्याच खड्ड्यात एक सीलबंद पोलादी डबा होता, त्यातले कागद आणि झेंडा मात्र चांगल्या अवस्थेत निघाले. थोडक्यात, खड्डा कितीही मजबूत असो, भरवसा फक्त डब्याचा.

मग घ्या एक हवाबंद डबा आणि टाका पत्र, असं तुम्ही म्हणाल. इथेच खरी मेख आहे. हवाबंद डबा बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तसंच आतलं बाहेरही जाऊ देत नाही. आणि आत पाणी असतंच. हिशोब करून बघू. जुलैत रत्नागिरीला आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर असते. एक लिटरच्या डब्यातल्या तेवढ्या दमट हवेत वाफ असते जेमतेम २४ मिलिग्रॅम. पण कागद स्वतःच पाणी धरून ठेवतो. त्या हवेत पडलेल्या कागदाच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा पाणीच असतं. चार जाड कागद, २० ग्रॅम वजन, म्हणजे २ ग्रॅम पाणी. हवेतल्या वाफेच्या ऐंशी पट! असं पत्र सील केलं तर आतली आर्द्रता ऐंशीच्या आसपासच राहणार. बुरशीला साधारण ६५ च्या वर मिळालं की पुरे.

म्हणून डब्याआधी पत्र सुकवायचं. आम्ही करणार ते असं. सुती चिंध्यांचा, आम्लविरहित हातकागद घ्यायचा, कारण साध्या कागदातलं आम्ल त्याला आतूनच पिवळा आणि ठिसूळ करतं. शाई पिगमेंटवाली. ओळखायची कशी? एक ओळ लिहून अर्धी झाकायची, दोन आठवडे उन्हात ठेवायची, मग पाण्याचा थेंब टाकायचा. फिकी पडली किंवा फुटली तर पेन बाद. (पेन्सिल कधीच बाद होत नाही.) मग पत्र, सिलिका जेलची पुडी आणि छोटा आर्द्रतामापक एका बंद डब्यात दोन आठवडे. आकडा चाळीसच्या आसपास स्थिरावला की पत्र तयार. तिसाच्या खाली गेला तर पुडी काढायची, फार सुकलेला कागद घडीवर मोडतो. शेवटी अ‍ॅल्युमिनियमच्या पाकिटात घालून तोंड उष्णतेने चिकटवायचं आणि पाकीट स्टीलच्या डब्यात. झाकणाच्या रबरावर विसंबायचं नाही, २५ वर्षांत ते कडक होऊन चिरतं.

आता पुरण्याचं. सासरेबुवांनी एका वाक्यात निकाल दिला, "जावईबापू, पावसाळ्यात समुद्र वाळू घेऊन जातो, मग परत आणून टाकतो. तुमचा डबा कुठे परत आणेल ते त्यालाच ठाऊक." शिवाय खाऱ्या वाळूत साधं स्टीलसुद्धा भोकं पडून खराब होतं. तेव्हा पत्र लिहायचं आरे-वारेला, सील करायचं पुण्यात हिवाळ्यात आणि ठेवायचं घरातल्या आतल्या भिंतीच्या कपाटात.

मी स्कॅन काढून ठेवूया म्हणालो. सवयच ती! बायको म्हणाली, "अरे, बॅकअप असला की तू तीन वर्षांत उघडून वाचशील." मुद्दा बिनतोड होता. स्कॅन रद्द.

एक गोष्ट मात्र कागद-शाईने सुटणारी नव्हती. डब्यावर तारीख लिहायची, 'दोघांनी मिळून उघडावे' लिहायचं, पण दोघांपैकी एकच असेल तर? यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. मग तिने खाली दुसरी ओळ सुचवली: 'एकच असेल तर त्याने आधी स्वतःचं पत्र वाचावे, मग दुसऱ्याचं.' कारण विचारलं तर म्हणाली, आधी आपण काय बोललो होतो ते आठवायला हवं, नाहीतर उत्तर कळणार नाही.

पेन्सिलनेच लिहिणार आहोत ती ओळ.